पंक्चर काढलं आणि अ‍ॅव्हरेज गेलं

सोलापुरात गाडीचं अ‍ॅव्हरेज कमी झालं म्हणून कुठल्याही गॅरेजात जा, पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरवरच जातो. मिस्त्री एक स्क्रू अर्धा फेरा आत घेतो, अर्धा बाहेर काढतो, रेस करून कान लावतो आणि "आता बघा" म्हणतो. गाडीचा आवाज थोडा बदललेला असतो, त्यामुळे गिऱ्हाइकालाही काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पुढच्या आठवड्यात पेट्रोल तेवढंच लागतं. मग पेट्रोलमध्येच भेसळ आहे, पंपवाले चोर आहेत, इथेनॉलनं गाड्यांची वाट लावली, अशी चर्चा चहाच्या गाड्यावर रंगते.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. अ‍ॅव्हरेज हळूहळू, वर्ष-दोन वर्षांत उतरलं असेल तर इंजिनाकडे बघावं. ते एकाएकी उतरलं असेल तर आधी चाकांकडे बघावं आणि त्याच्याही आधी गेल्या पंधरा दिवसांत गाडीला कुणी हात लावला ते विचारावं. अशोक चौकाजवळच्या एका छोट्या गॅरेजात पाहिलेली एक गाडी याचा चांगला नमुना आहे, म्हणून तीच सविस्तर सांगतो.

गाडी म्हणजे स्प्लेंडर, कार्बोरेटरवाली, 2017 ची. मालक पूर्व भागात राहणारे, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. म्हणजे रोज शिवाजी चौक, बाळे, केगाव, कोंडी असा पुणे रस्ता धरून जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. मागांचा आवाज ऐकून कुठला माग बिघडतोय हे सांगणारा माणूस, पण गाडीबाबत त्यांची तक्रार एकाच वाक्यात होती: "लै पेट्रोल पिलालीय बघा, मिस्त्री." पूर्वी पाचशेचं पेट्रोल आठ दिवस जायचं, आता सहाव्या दिवशी गाडी रिझर्व्हला येते. बासष्टचं अ‍ॅव्हरेज पंचेचाळीसवर आलं, असा त्यांचा हिशोब.

मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी कार्बोरेटरला हात लावला नाही. "अण्णा, पैशानं अ‍ॅव्हरेज कळत नसतंय. टाकी भरून आणा," म्हणाले.

हे पहिलं पाऊल बहुतेक जण गाळतात. पाचशे रुपयांत किती लिटर आलं ते भावावर अवलंबून असतं, आणि गाडी रिझर्व्हला केव्हा येईल ते ती साइड स्टँडवर उभी होती की सरळ, टाकीत आधी किती होतं यावर. खरी रीत म्हणजे टाकी ते टाकी. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करायची, पंपाची बंदूक आपोआप बंद होईल तिथपर्यंत पेट्रोल भरायचं, गळ्यापर्यंत कोंबायचं नाही, आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. दोनशेच्या वर किलोमीटर झाले की त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, तसंच पुन्हा भरायचं. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले तितके जळले. यातही चूक होतेच. पातळी थोडी वरखाली झाली तर शंभर मिलिलिटर सहज इकडेतिकडे होतं आणि चार लिटरांत ती अडीच टक्क्यांची चूक असते. म्हणून एका टाकीवरून साठ आणि एकसष्टमधला फरक कळत नाही. साठ आणि पन्नासमधला मात्र नक्की कळतो.

जॉबर अण्णांची टाकी दुसऱ्यांदा भरली तेव्हा 208 किलोमीटरला 4.12 लिटर बसलं. म्हणजे साडेपन्नास. पंचेचाळीस नव्हे. मधला फरक कुठे गेला तेही बोलता बोलता निघालं: त्याच आठवड्यात मंडळींना घेऊन मार्केट यार्डाच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि त्या त्यांच्या रोजच्या छत्तिसाच्या हिशोबात धरलेल्या नव्हत्या. तरीही बासष्टवरून साडेपन्नास हीसुद्धा मोठी घट आहे. गाडीत दोष होता, फक्त सांगितला गेला तेवढा नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. अ‍ॅव्हरेज म्हणजे किलोमीटर भागिले लिटर, आणि आपण सगळे लिटरवरच संशय घेतो. या गाड्यांत किलोमीटर मोजणारी केबल पुढच्या चाकातून येते. तिचा तिथला छोटा गिअर झिजला किंवा केबल सुटायला आली की काटा नाचतो आणि मीटर मधूनमधून थांबतं. गाडी धावते पण मोजली जात नाही. पुणे रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड त्यासाठी सोयीचे आहेत. दहा दगड मोजायचे आणि मीटरवर दहा पडले का ते बघायचं. अण्णांचं मीटर बरोबर होतं.

मग मिस्त्रींनी विचारलं, "मधी काय काम केलंत गाडीचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मागचं पंक्चर काढलं. ते काय काम हाय व्हय?"

मिस्त्रींनी गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि मागचं चाक हातानं जोरात फिरवलं. चाकानं जेमतेम अर्धा फेरा मारला आणि ते थांबलं. थांबताना सुस्स असा घासल्याचा आवाज आला. चांगल्या स्थितीतल्या गाडीचं मागचं चाक चेन ओढत असूनही एक-दोन चकरा तरी मारतं. पुढचं, ड्रम ब्रेकचं चाक त्याहून जास्त फिरायला हवं.

इथे थोडं थांबून पंक्चरच्या दुकानात काय होतं ते बघू. स्प्लेंडरला तारांची चाकं आणि ट्यूबचे टायर असले की मागचं पंक्चर म्हटल्यावर बहुधा चाक काढावं लागतं. त्यासाठी ब्रेकच्या रॉडचा नट पूर्ण सोडावा लागतो, एक्सल सैल करावा लागतो, चेन ढिली करावी लागते. पंक्चर काढून झाल्यावर हे सगळं परत बसवायचं असतं आणि रस्त्याकडेला, उन्हात, मागे दोन गिऱ्हाइकं उभी असताना ते अंदाजानं बसतं. पंक्चरवाल्याचा हेतूही वाईट नसतो. ब्रेक ढिला राहिला तर गिऱ्हाईक पुढच्याच चौकात आपटेल, म्हणून तो नट दोन फेरे जास्तच आवळतो. चेन उतरू नये म्हणून तीही ताणतो. टायर भरताना अंगठ्यानं दाबून बघतो. एका पंक्चरमधून तीन दोष तयार होतात आणि तिन्ही दोष गाडीला मागे ओढणारे.

ब्रेकचं पेडल हातानं दाबून बघितलं तर त्याला खेळ जवळपास नव्हताच. मोकळं पेडल दोन ते तीन सेंटिमीटर सहज खाली जायला हवं आणि त्यानंतर ब्रेक धरायला हवा. आणखी एक खूण समोर होती: चावी चालू केली तेव्हा पेडलला पाय न लावताही मागचा लाल दिवा पेटलेला. पेडल किंचित दाबलेल्या स्थितीतच अडकलं असलं की असं होतं. अण्णांच्या मागून येणाऱ्यांना आठवडाभर वाटत असणार की हा माणूस सतत ब्रेक मारतोय. तसा तो मारतही होता.

मिस्त्रींनी मग एक गोष्ट केली जी मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिलेली नाही. भंगारवाले वापरतात तसला स्प्रिंगचा ताणकाटा त्यांच्याकडे होता. टायरभोवती दोरी गुंडाळली, टोक काट्याच्या आकड्यात अडकवलं आणि चाक हळूहळू, एकसारखं फिरेल असं ओढलं. काटा सव्वादोन किलोवर थांबला. चाक नुसतं फिरवत ठेवायलाच सव्वादोन किलोची ओढ लागत होती.

हा आकडा लहान वाटतो, पण हिशोब करून बघा. गाडी आणि माणूस मिळून साधारण एकशे ऐंशी किलो. सपाट रस्त्यावर ताशी 45 च्या वेगानं जाताना टायरांचं रस्त्याशी होणारं घर्षण आणि समोरची हवा यांचा मिळून विरोध ढोबळमानानं नऊ किलोच्या आसपास येतो. त्यातला निम्म्याहून जास्त हवेचा. मोकळ्या चाकालाही लागणारा अर्धा किलो वगळला तर त्यात ब्रेकनं पावणेदोन किलोची भर घातली की इंजिनाचं काम जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं वाढतं. पेट्रोल मात्र तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, कारण इंजिनाचं आतलं घर्षण आणि सिग्नलला उभं राहण्यात जळणारं पेट्रोल आहे तेवढंच राहतं. तरी बारा-पंधरा टक्के जातात. रोज छत्तीस किलोमीटर जाणाऱ्याला ते खिशाला कळतं.

नट सोडून खेळ दिला, तरी चाक पुरतं मोकळं झालं नाही. पेडल दाबून सोडलं की ड्रमवरची ब्रेकची दांडी पूर्ण परत येत नव्हती. चाक काढून ब्रेक प्लेट उघडली तेव्हा कारण दिसलं. ब्रेक शू पसरवणारा कॅम ज्या भोकात फिरतो तिथलं ग्रीस वाळून धुळीचा काळा थर झाला होता. सोलापूरची धूळ बारीक असते आणि त्यावर वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याचा मारा झाला की ती थेट अशा जागी जाऊन बसते. कॅम काढून, रॉकेलनं पुसून, पॉलिश पेपरनं हलका घासून, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावून परत बसवला. ग्रीस जास्त झालं तर ते लायनरवर उतरतं आणि मग ब्रेकच लागत नाही, म्हणून इथे कंजूषपणा बरा. लायनरची धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, हे मिस्त्रींनी शिकाऊ पोराला दोनदा बजावलं. जोडून झाल्यावर काटा अर्ध्या किलोवर आला.

अण्णांना वाटलं झालं काम. मिस्त्रींनी त्यांना तसंच जाऊ दिलं, चेन आणि हवा मुद्दाम न बघता. "एका टायमाला एकच," एवढंच कारण सांगितलं. पुढची टाकी 212 किलोमीटरला 3.72 लिटर, म्हणजे सत्तावन्न.

चेनचं दुसऱ्या खेपेला बघितलं. स्प्लेंडरची चेन पूर्ण झाकलेली असते. धुळीपासून वाचते हे खरं, पण डोळ्याआड असल्यामुळे ती कोरडी पडली की गंजली हे कुणालाच कळत नाही. चेनकव्हरवर रबराचं एक टोपण असतं. ते काढून बोटानं चेन वर-खाली हलवायची. अडीच सेंटिमीटरच्या आसपास खेळ हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. अण्णांच्या गाडीत तो जेमतेम एक होता. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडं थोडं फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधायची आणि खेळ तिथे मोजायचा. ताणलेली चेन पेट्रोल तर खातेच, शिवाय खड्ड्यात मागचं चाक वर उचललं गेलं की ती आणखी आवळते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो.

दुसरी भानगड एक्सलची होती. चेन ताणायच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडे तिसऱ्या खुणेवर असेल तर उजवीकडेही तिसरीवरच हवी. इथे एका खुणेचा फरक होता, म्हणजे चाक किंचित तिरपं बसलेलं. अशा गाडीची चेन स्प्रॉकेटच्या दात्यांना एका कडेनं घासत राहते. खुणा जुळवल्या, चेनला 90 नंबरचं ऑइल सोडलं. चेन हलवली की ब्रेकचा रॉडही ताणला किंवा ढिला होतो, त्यामुळे पेडलचा खेळ पुन्हा बघावा लागतो. हे विसरलं की पहिला दोष परत येतो.

हवा मागच्या चाकात सतरा निघाली. स्प्लेंडरला पुढे पंचवीस आणि मागे एकट्यासाठी अठ्ठावीस लागते, मागे कुणी बसणार असेल तर त्याहून जास्त. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना तापलेल्या टायरमधला दाब दोन-तीननं जास्त दिसतो आणि कमी हवेची गाडी ठीक वाटून जाते.

त्यानंतरची टाकी 215 किलोमीटरला 3.56 लिटर. साठच्या किंचित वर. एकूण खर्च थोडं ऑइल, चिमूटभर ग्रीस आणि मिस्त्रींची मजुरी. सुटा भाग एकही बदलला नाही.

"बासष्ट होतं की ओ पूर्वी," अण्णा म्हणाले. त्या दोनाचं काय?

पहिलं उत्तर वर आलंच आहे, तेवढी चूक मोजण्यातच असू शकते. दुसरं उत्तर आपल्या जिल्ह्याच्या उसात आहे. बासष्टचा आकडा अण्णांनी काही वर्षांपूर्वी काढलेला होता, पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतानाचा. आता वीस टक्के असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे थोडी घट अटळच. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलं होतं की दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकीत वीस टक्के मिश्रण वापरलं तर अ‍ॅव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी उतरेल. बासष्टचे साठ होतील, असा त्याचा अर्थ. उसाच्या भावासाठी इथेनॉल हवं म्हणणारे आणि पंपावर त्याला शिव्या देणारे आपल्या जिल्ह्यात एकाच घरात सापडतात. दोन्ही बाजूंनी एवढं तरी मान्य करावं की वीस टक्के इथेनॉलनं बासष्टचे पन्नास होत नाहीत. तेवढी घट असेल तर दोष गाडीत आहे.

पंपावरच्या मापाचंही तसंच. शंका आली तर भांडण नको, पाच लिटरचं माप मागायचं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात पेट्रोल भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. त्यापेक्षा कमी भरलं तर तक्रार करता येते.

आता कार्बोरेटर. ज्या स्क्रूशी सगळे खेळतात तो मुख्यतः गाडी उभी असताना आणि ॲक्सिलरेटर अगदी थोडा उघडलेला असतानाचं मिश्रण ठरवतो. ताशी 45 नं पळणाऱ्या गाडीला पेट्रोल देतात ती आतली सुई आणि जेट, आणि त्यांचं काम तो स्क्रू करत नाही. कार्बोरेटरवर संशय घ्यायचा तर आधी प्लगला साक्षीला बोलवावं. पाच-सात किलोमीटर एकसारखी गाडी चालवायची, बंद करायची, गार झाल्यावर प्लग काढायचा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. त्याची कारणं बघायची ती या क्रमानं: चोक अर्धवट ओढलेला राहिला आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का, फ्लोटची सुई गळतेय का. शेवटचं असेल तर कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून थेंब पडतात. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला तर सकाळी डाग दिसतो किंवा निदान वास येतो. कॉकमधून होणारी गळतीही तिथेच कळते. अण्णांचा प्लग तपकिरी होता, म्हणूनच मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढला नाही.

एअर फिल्टरबाबत एक सवय मात्र सोडायला हवी. जुन्या गाड्यांत फोमचा फिल्टर असायचा, तो धुऊन, ऑइलमध्ये बुडवून, पिळून परत लावता यायचा. नंतरच्या अनेक गाड्यांत चिकट ऑइल लावलेला कागदी फिल्टर असतो. त्यावर काँप्रेसरची हवा मारली की कागद फाटतो नाहीतर ऑइल उडतं आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तो साफ करायचा नसतोच, बदलायचा असतो. रोज कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्यानं पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच.

2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे फिरवायला स्क्रूच नाही. धुराड्यातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण आपलं आपण सावरलं जातं. तिथे एकाएकी घट येण्याचं एक कारण म्हणजे तापमानाचा सेन्सर खोटं बोलू लागणं. इंजिन तापलेलं असताना तो ते गार आहे म्हणून सांगतो आणि यंत्रणा थंडीतल्यासारखं जादा पेट्रोल देत राहते. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावरही विझत नसेल तर आधी तो बघावा, कारण गॅरेजात त्यावरून दोष कळतो. पण दिवा विझलेला असेल, काळा धूर नसेल आणि अ‍ॅव्हरेज गेलं असेल, तर तिथेही पुन्हा मेन स्टँड, न्यूट्रल आणि हातानं फिरवलेलं चाक. ब्रेकचा ड्रम, चेन आणि टायर यांच्यात बीएस-6 नं काही बदल केलेला नाही.

क्लच हे आणखी एक कारण, आणि ते चालवतानाच कळतं. उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज वाढतो पण काटा हलत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. लिव्हरला एक-दोन सेंटिमीटर खेळ आहे का ते आधी बघायचं. केबल ताणलेली असेल तर प्लेटा चांगल्या असूनही घसरतात. काही वेळा सगळा दोष फक्त केबलचा असतो.

जुलैत अण्णा पुन्हा गॅरेजात दिसले. टाकी ते टाकी मोजायची आता त्यांना सवय लागली होती आणि दोन टाक्या सलग सत्तावन्नच्या आसपास आल्या होत्या. मिस्त्रींनी चाक फिरवलं, पेडल दाबलं, टोपण काढून चेन बघितली, हवा मोजली. सगळं जागेवर होतं. राहिला तो वारा. पावसाळ्यात आपल्याकडे पाऊस कमी आणि पश्चिमेचा वारा जास्त. चिंचोळीला जाताना तो बराचसा समोरून येतो, येताना पाठीवर असतो. पण जाताना जेवढं जातं तेवढं येताना परत मिळत नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी पंधराचा वारा धरला तर जाताना ताशी 45 नं पळणाऱ्या गाडीला साठचा वारा लागतो, येताना तिसाचा. दोन्हींची सरासरी काढली तर हवेचा विरोध बिनवाऱ्याच्या दिवसापेक्षा अकरा टक्क्यांनी जास्त येतो. पेट्रोलमध्ये ते पाचेक टक्के होतात.

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. "अंग वाकवून चालवा, नाहीतर पाच मिनिटं आधी निघा अन् हळू जा. वाऱ्याला पाना लागत नसतोय," म्हणाले.